गाडीचा मार्ग आणि गाडीचे भाडे: एका फेरीचे दोन हिशेब

वितरकाच्या ईआरपीत, म्हणजे साठा, विक्री आणि हिशेब एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आज एकाच पडद्यावर मार्ग, गाडीतला मालाचा भरणा आणि भाडे दिसते. त्यामुळे या तिन्ही गोष्टी पहिल्यापासून एकत्र वाढल्या असाव्यात असे वाटते. तसे झालेले नाही. मार्ग आणि भरणा हे गणितज्ञांचे प्रश्न होते, भाडे हा हिशेब विभागाचा. दोघांची गाठ फार उशिरा पडली, आणि वाहतूक मॉड्यूल चालवताना आजही बऱ्याच अडचणी नेमक्या त्या जोडावरच येतात.

१९५९ साली जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅमसर यांनी एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न पेट्रोलच्या टँकरचा होता: मोठ्या साठवण केंद्रातून अनेक पंपांना माल पोचवायचा, प्रत्येक टँकरची क्षमता ठरलेली, आणि सगळ्या गाड्यांची मिळून धाव कमीत कमी हवी. वाहन-मार्ग नियोजनाचा आजचा सगळा अभ्यास इथून सुरू होतो. पण टँकरमध्ये माल एकच, मोजायचा तो लिटरमध्ये. खोकी, पिंप, पोती एकाच गाडीत भरणाऱ्या वितरकाची अडचण त्या मांडणीत नव्हती. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

प्रत्यक्ष कामात रुळली ती १९६४ची क्लार्क आणि राइट यांची ‘बचत’ पद्धत. यांतले क्लार्क मँचेस्टरच्या सहकारी घाऊक संस्थेत होते, म्हणजे वितरणाचे काम त्यांच्या डोळ्यांसमोर चालू होते. पद्धत इतकी सरळ आहे की कागदावरही करता येते. सुरुवातीला असे धरायचे की प्रत्येक ग्राहकाला वेगळी गाडी जाते. मग कोणते दोन ग्राहक एका फेरीत जोडले तर किती अंतर वाचते ते काढायचे आणि सर्वांत मोठ्या बचतीपासून जोडत जायचे, गाडीत मावते तोवर.

एक उदाहरण घेऊ. गोदामापासून ‘अ’ २० किलोमीटरवर, ‘ब’ २५ वर, आणि त्या दोघांमध्ये १० किलोमीटर. वेगवेगळ्या फेऱ्या केल्या तर ४० आणि ५० मिळून ९० किलोमीटर होतात. एकाच फेरीत २० अधिक १० अधिक २५, म्हणजे ५५. बचत ३५. तिसरा ग्राहक ‘क’ उलट्या दिशेला ३० किलोमीटरवर आहे, ‘अ’पासून ४५ आणि ‘ब’पासून ५०. त्याला कोणाशीही जोडले तरी बचत ५ किलोमीटरच. ती नगण्य असली तरी शून्याच्या वर आहे, म्हणून जागा असेल तर पद्धत त्यालाही फेरीत घेते.

जागा आहे का, हे ठरवते कोण? इथे ईआरपीचा वंश आडवा येतो. ईआरपी आले कारखान्याच्या कच्च्या मालाच्या नियोजनातून. त्याला नगांची आणि साठ्याच्या मूल्याची काळजी होती. खोके गाडीत किती जागा खाते हा त्याचा प्रश्नच नव्हता. वस्तूच्या मास्टरमध्ये, म्हणजे प्रणालीतल्या तिच्या कायमच्या नोंदीत, वजनाचा रकाना बहुधा भरलेला असतो, आकारमानाचा अनेकदा रिकामा.

समजा गाडीत ९ टन आणि ४० घनमीटर माल मावतो. ‘अ’चा माल ४ टन आणि १८ घनमीटर. ‘ब’चा ३ टन पण हलका आणि पसरट, तोही १८ घनमीटर. ‘क’चा २ टन आणि १२ घनमीटर. वजन बरोबर ९ टन, म्हणजे बसते. आकारमान ४८, म्हणजे बसत नाही. पण ‘ब’च्या वस्तूंचा आकारमानाचा रकाना रिकामा असेल तर पडद्यावर बेरीज ३० दिसते आणि तिन्ही ग्राहक एका गाडीत जातात. चूक कळते ती लोडिंगच्या धक्क्यावर, गाडी छतापर्यंत भरल्यावर आणि ८ घनमीटर माल बाहेर उरल्यावर. तोवर बिले छापून झालेली असतात. ही चूक आधी पकडायला मोठे साधन लागत नाही: वजन आहे पण आकारमान शून्य, अशा डिलिव्हरीच्या ओळी रोज सकाळी काढून पाहाव्यात.

आता भाडे. एसएपी या कंपनीच्या ईआरपीला १९९२च्या आर/३ पिढीत वाहतुकीसाठी ‘शिपमेंट’ हा दस्तऐवज मिळाला. VT01N या आज्ञेने शिपमेंट करायची, तिच्यात डिलिव्हरी गोळा करायच्या, मग नियोजन, गाडीची नोंद, लोडिंग सुरू, लोडिंग पूर्ण, गाडी निघाली, गाडी पोचली अशा पायऱ्या नोंदवायच्या. भाड्यासाठी VI01 ने दुसरा, वेगळा दस्तऐवज. हा वेगळेपणा मला फार बोलका वाटतो. मार्ग ठरवणारा पहिल्यावर थांबतो, भाडे मोजणारा दुसऱ्यापासून सुरू करतो. भाड्याचा दस्तऐवज करायचा राहिला तर माल गेलेला दिसतो, पण महिनाअखेर त्या भाड्याची तरतूद होत नाही. वाहतूकदाराचे बिल पुढच्या महिन्यात आले की खर्च चुकीच्या महिन्यात पडतो.

मुख्य गुंता वाटणीचा. समजा ‘अ’ आणि ‘ब’च्या एकत्र फेरीचे भाडे ६३०० आहे. ‘ब’ने किती सोसायचे? वजनाने वाटले तर २७००. आकारमानाने ३१५०. दोघांची स्वतंत्र फेरी किती लांब झाली असती त्या प्रमाणात वाटले तर ३५००. तिन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत, आणि ‘ब’ हा ग्राहक फायद्याचा की तोट्याचा हे त्यांवर ठरू शकते. प्रणालीत वाटणीचा आधार बसवणारा माणूस हा निर्णय घेत असतो, बहुधा विक्री विभागाला न विचारता. माझ्या मते तो विक्री आणि हिशेब या दोघांनी बसून घ्यावा. आणि आकारमान निवडलेच, तर पुन्हा तो रिकामा रकाना पाहावा: ‘ब’चे आकारमान शून्य असेल तर ६३००चे ६३०० ‘अ’च्या माथी जातात.

दोन हिशेबांची मापेही जुळत नाहीत. बचत पद्धत किलोमीटर मोजते, वाहतूकदाराचा करार अनेकदा फेरीवर किंवा टप्प्यावर असतो. ‘क’ला जोडून किलोमीटर ५च वाचत होते, पण भाडे प्रति फेरी ठरले असेल तर एक अख्खी गाडी वाचते. म्हणून नियोजन करणारा ‘क’ला कोंबायचा मोह आवरू शकत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही, त्याच्या पडद्यावर तर ३० घनमीटरच दिसतात.

पुढे वाहतुकीची स्वतंत्र सॉफ्टवेअर आली आणि मोठ्या ईआरपी कंपन्यांनी ती जवळ केली. ओरॅकलने २००५ साली असे सॉफ्टवेअर बनवणारी जी-लॉग ही कंपनी विकत घेतली. एसएपीने आधी वेगळे वाहतूक उत्पादन काढले आणि २०१७ साली ते एस/४ हाना या आपल्या नव्या ईआरपीच्या आत आणले. आता मार्ग शोधतानाच करारातले दर वापरता येतात, म्हणजे किलोमीटरऐवजी भाडेच कमी करायला सांगता येते. त्यासाठी दर मात्र प्रणालीत असावे लागतात, आणि गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, जादा उतरवणी, परतीचा माल यांचे दर बहुधा करारात असतात आणि प्रणालीत नसतात. ते ओळखायचे तर प्रत्येक फेरीची तरतूद आणि वाहतूकदाराचे प्रत्यक्ष बिल शेजारी ठेवावे. एकाच ग्राहकाच्या फेऱ्यांत फरक पुन्हा पुन्हा एकाच बाजूला पडत असेल, तर त्याच्या दारात गाडी किती वेळ उभी राहते हे चालकाला विचारावे.