दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना: बेंचमार्कचे गुण आणि प्रत्यक्ष खेळ

दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना करताना बहुतेकांची नजर थ्रीडीमार्कच्या ‘टाइम स्पाय’ चाचणीतील एकूण गुणांवर जाते आणि गफलत तिथेच होते, कारण त्या आकड्यात एकट्या कार्डाचे काम नसते. त्यात ८५ टक्के भार ग्राफिक्सच्या गुणांना आणि १५ टक्के भार प्रोसेसरच्या गुणांना असतो. शिवाय दोन्हींचा हरात्मक मध्य काढला जात असल्यामुळे जी बाजू लंगडी असेल ती एकूण आकडा अधिक खाली ओढते.

समजा, पहिल्या संगणकात ग्राफिक्सचे गुण १०,००० व प्रोसेसरचे १२,००० आहेत, तर दुसऱ्यात ते ११,५०० व ६,००० आहेत. एकूण गुण अनुक्रमे सुमारे १०,२५६ आणि १०,११० येतात. म्हणजे १५ टक्क्यांनी सरस असलेले कार्ड मागे पडल्यासारखे दिसते. म्हणून निकालात वेगळा दाखवलेला ‘Graphics score’ हाच आकडा वाचावा.

हा आकडा ठरावीक दृश्यांवरून, ठरावीक रिझोल्यूशनला आणि कॅमेऱ्याच्या ठरावीक मार्गावरून मिळतो. त्यामुळे चाचणी पुन्हा पुन्हा जशीच्या तशी घेता येते, आणि आपले कार्ड त्याच मॉडेलच्या इतर कार्डांइतके चालते आहे की नाही हे तपासायला तिच्याइतके सोयीचे साधन क्वचितच सापडेल. मात्र मार्ग आधीच ठाऊक असणे ही तिची उणीवही आहे. २००३ मध्ये थ्रीडीमार्क०३ च्या निर्मात्यांनी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर नेमका हाच आक्षेप घेतला होता: कॅमेरा जिकडे वळणारच नाही तिकडचा भाग रेखाटण्याचे तो टाळत होता.

खेळातील चाचणी घेताना प्रोसेसर, सेटिंग आणि खेळातील जागा दोन्ही कार्डांसाठी एकच ठेवावी. रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढत नसतील, तर बहुधा प्रोसेसरच वेग अडवून धरत असतो. अशा ठिकाणी दोन्ही कार्डे सारखीच दिसतील आणि त्या बरोबरीला काही अर्थ नसेल.

सरासरीही सावधपणे वाचावी लागते. एका सेकंदातील ५९ फ्रेम प्रत्येकी १२ मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम २९२ मिलिसेकंद रखडली, तरी सरासरी ६० फ्रेमच भरते. खेळणाऱ्याला मात्र स्पष्ट झटका बसतो. असे झटके वारंवार येत असतील, तर ते सर्वांत संथ एक टक्का फ्रेमवरून काढलेल्या ‘1% low’ या आकड्यात उमटतात, आणि म्हणून मी सरासरीआधी तोच पाहतो. बेंचमार्कचे दृश्य कार्डाच्या मेमरीत सहज मावते, पण खेळातील मोठी टेक्श्चर मावली नाहीत तर ती संगणकाच्या रॅममधून आणावी लागतात आणि फ्रेम अडखळते. याची खात्री करायची असेल तर बाकी काहीही न बदलता टेक्श्चरची पातळी एका पायरीने उतरवावी. सरासरी जवळपास तेवढीच राहून झटके थांबले, तर मेमरीच अपुरी पडत होती असे समजावे.