काळ्याच्याही खालचा काळा: टीव्हीवरच्या चाचणी पट्ट्या कुठून आल्या

टीव्हीचा काळा रंग बसवायच्या चाचणी चित्रात एक पट्टी अशी ठेवलेली असते, की टीव्ही नीट लागला असेल तर ती दिसताच कामा नये. ती काळ्याहून काळी असते. कशाला लागते ती, हे समजायला जुन्या डबा टीव्हीपर्यंत मागे जावं लागतं.

पिक्चर ट्यूबच्या काळात इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर एकेक ओळ काढत जायचा आणि ओळ संपली की परत डाव्या कडेला यायचा. हा परतीचा प्रवास दिसू नये आणि नवी ओळ कधी सुरू करायची ते सेटला कळावं, यासाठी चित्राच्या सिग्नलमध्येच सिंकचे ठोके घातलेले असत. ते चित्रात मिसळू नयेत म्हणून काळ्याच्या खाली ठेवले. आपल्याकडच्या पाल पद्धतीत काळा 0 व्होल्टवर, पूर्ण पांढरा 0.7 व्होल्टवर आणि सिंक उणे 0.3 व्होल्टवर. अमेरिकेच्या एनटीएससीमध्ये तर परतीची रेघ नक्की झाकली जावी म्हणून चित्रातला काळा शून्यापासून आणखी साडेसात टक्के वर उचललेला होता. थोडक्यात, सिग्नलमध्ये काळ्याच्या खाली जागा होतीच.

गोची अशी, की स्टुडिओतून काळा बरोबर निघाला तरी सेटवर तो तिथेच राहील याची खात्री नसे. सेट तापला की पातळी सरके. स्वस्त सेटमध्ये तर ती पातळी पकडून ठेवणारं सर्किटच अपुरं असे, त्यामुळे उजळ प्रसंगानंतर रात्रीचा प्रसंग आला की काळा वेगळाच दिसे. ती सरकवायचं बटण म्हणजे ‘ब्राइटनेस’. चित्राचा उजेड वाढवायला म्हणून लोक ते फिरवत आणि सगळं चित्र राखाडी करून ठेवत. पांढऱ्याची मर्यादा ‘कॉन्ट्रास्ट’कडे.

आता हे डोळ्यांनी लावायचं कसं? समोरचा काळा खरा काळा आहे का, हे डोळा सांगू शकत नाही. तो अंधाराला सरावतो. पण शेजारी ठेवलेल्या दोन छटा वेगळ्या आहेत की एकच, हे मात्र तो अचूक सांगतो. बीबीसीच्या अभियंत्यांनी नेमकं हेच हेरलं आणि स्टुडिओतले मॉनिटर जुळवायला प्लूज नावाचा सिग्नल तयार केला. काळ्या पार्श्वभूमीवर दोन उभ्या पट्ट्या, एक काळ्यापेक्षा जराशी खाली, दुसरी जराशी वर. ब्राइटनेस इतका वाढवायचा की दोन्ही दिसतील, मग हळूहळू खाली आणायचा. खालची पट्टी पार्श्वभूमीत विरली आणि वरची अजून पुसट दिसतेय, तिथे थांबायचं. खालची पट्टी नसती तर आपण फार वर थांबलोय हे कळायला मार्गच नव्हता. माझ्या मते टीव्हीच्या तंत्रात इतकी साधी आणि इतकी हुशार युक्ती दुसरी नाही.

पुढे सीबीएसच्या प्रयोगशाळेत घडलेल्या आणि 1978 मध्ये एसएमपीटीई या संस्थेने मान्य केलेल्या रंगीत पट्ट्यांमध्ये, उजव्या कोपऱ्यात खाली, हीच युक्ती तीन बारीक पट्ट्यांच्या रूपात आली. काळ्याच्या चार टक्के खाली, बरोबर काळ्यावर आणि चार टक्के वर.

व्हिडिओ डिजिटल झाला तेव्हा सिंकसाठी ती जागा उरायचं कारण नव्हतं, तरी जागा राहिली. 1982 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत, जिला आज रेक. 601 म्हणतात, आठ बिटांच्या, म्हणजे 0 ते 255 अशा मोजपट्टीवर काळा 16 ला आणि पांढरा 235 ला ठेवला. दोन्हीकडे मोकळी जागा सोडली, कारण फिल्टरमधून जाताना सिग्नल तीव्र कडांपाशी थोडा उसळी मारतो आणि ती उसळी कापली गेली तर चित्र बिघडतं. संगणकाने मात्र 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा असंच धरलं. आज घरोघरी जो गोंधळ होतो, त्याचं मूळ या दोन मोजपट्ट्यांत आहे.

पांढऱ्याची गोष्ट जरा निराळी. ट्यूबवर कॉन्ट्रास्ट जास्त झाला की पांढरा भाग पसरायचा, कडा फुगायच्या. बिघाड हळूहळू दिसत जायचा. एलसीडी पॅनेलला मात्र कमाल मर्यादा असते आणि तिच्यापुढे सगळ्या छटा सपाट होऊन एकच पांढरा होतो. ढगातले पदर, लग्नाच्या व्हिडिओतल्या पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या असं सगळं पुसलं जातं. पुष्कळदा लाल, हिरवा, निळा यांतला एक आधी मर्यादा गाठतो. मग शेवटच्या पट्ट्या पांढऱ्या न राहता गुलाबी किंवा पिवळसर दिसतात. तसं दिसलं तर कॉन्ट्रास्ट खाली आणायचा.

यासाठी एव्हीएस एचडी 709 नावाचा फुकट मिळणारा नमुनासंच बराच वापरला जातो. त्यात काळ्याच्या चित्रात व्हिडिओच्या मोजपट्टीवरच्या 2 ते 25 क्रमांकांच्या लुकलुकणाऱ्या पट्ट्या आहेत, पांढऱ्याच्या चित्रात 230 ते 253. आधी टीव्ही सिनेमा किंवा फिल्ममेकर मोडवर न्यायचा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, उजेडाचा सेन्सर वगैरे बंद करायचं, नाहीतर पट्ट्या पाहता पाहता पातळी बदलते. खोलीत उजेड नेहमी पाहता तेवढाच ठेवायचा. मग ब्राइटनेस असा, की 16 आणि त्याखालचं काही लुकलुकणार नाही, 17 किंवा 18 जेमतेम जाणवेल. कॉन्ट्रास्ट असा, की निदान 234 पर्यंतच्या पट्ट्या सुट्या दिसतील. त्यापुढच्या काही दिसल्या तर चांगलंच. एक बदललं की दुसरं थोडं हलतं, म्हणून पुन्हा काळ्याकडे येऊन तपासायचं.

समजा, लॅपटॉप एचडीएमआयने जोडून हीच चित्रं लावली आणि दोन्हींत एकही पट्टी दिसली नाही. इथे ब्राइटनेसला हात लावू नका. लॅपटॉपने व्हिडिओचा 16 ते 235 हा पट्टा ताणून 0 ते 255 केला आहे आणि टीव्ही मात्र 16 लाच काळा समजतोय. हिशेब केला तर व्हिडिओतली 29 पर्यंतची प्रत्येक छटा काळ्यात बुडते आणि साधारण 218 च्या पुढची पांढऱ्यात. म्हणून दोन्ही चित्रं कोरी. ब्राइटनेस वाढवून काळ्या पट्ट्या आल्या तरी पांढऱ्या आणखी बुडतात. उलट गडबड झाली, म्हणजे टीव्ही 0 ते 255 ची वाट पाहतोय आणि येतोय 16 ते 235, तर 16 च्या खालच्या पट्ट्यासुद्धा दिसतात आणि चित्र धुतल्यासारखं फिकं वाटतं. दोन्हींवर उपाय एकच, दोन्ही टोकांना एकच पट्टा निवडणं. सॅमसंगवर ही सोय HDMI Black Level या नावाने मिळते, एलजीवर Black Level, सोनीवर HDMI Video Range.

काही प्लेअर 16 च्या खालचं पुढे पाठवतच नाहीत. मग ब्राइटनेस कितीही वाढवला तरी खालच्या पट्ट्या येत नाहीत. तो टीव्हीचा दोष नाही. अशा वेळी फक्त 17-18 वर भिस्त ठेवून, त्या विरण्याच्या किंचित आधी थांबायचं. पेनड्राइव्हवरून टीव्हीच्याच प्लेअरने लावलेली चित्रं सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआय जोडणीबद्दल काही सांगत नाहीत, कारण बऱ्याच टीव्हींमध्ये प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी असते. ऑनलाइन व्हिडिओमधल्या पट्ट्यांवरही फार विसंबू नये. कॉम्प्रेशनमध्ये एका पायरीचा फरक सहज पुसला जातो. एचडीआरमध्ये काळा याच रीतीने तपासता येतो, पण पांढऱ्याची ही चाचणी तिथे लागू पडत नाही, कारण उजळ भाग पॅनेलच्या कुवतीप्रमाणे किती दाबायचा हे टीव्ही स्वतःच ठरवतो.