पट्टा हातात धरत नाहीत, चढवतात

दांडपट्ट्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. तेव्हापासून नाशकातल्या मिरवणुकांत पट्टा फिरवणारी मुलं-मुली जास्त दिसू लागली आहेत. पायावर उभं राहून, भोवती गोल धरून केलेले ते हात बघताना डोळ्यांचं पारणं फिटतं. पण हे शस्त्र घोड्यावर काय करत असेल, हे समजून घ्यायला नाशिकहून वणीच्या रस्त्याला लागावं.

ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन महाराज बागलाणातून परतत होते. दाऊदखान कुरेशी मोगल फौजेसह आडवा आला आणि वणी-दिंडोरीच्या मोकळ्या मैदानात गाठ पडली. लुटीची जनावरं आणि पायदळ पुढे काढून देऊन महाराज स्वारांनिशी मागे थांबले. सभासदाच्या बखरीत त्या वेळचं वर्णन आहे: घोड्यावर स्वार, अंगात बख्तर आणि हातांत पट्टे ‘चढवलेले’. तलवार उपसतात, भाला पेलतात. पट्टा मात्र बाहीसारखा अंगावर चढतो. या एका क्रियापदात त्याची सगळी रचना आली.

पट्ट्याची मूठ म्हणजे कोपराच्या दिशेने जाणारी पोलादी नळी, तिला खोबळा म्हणतात. आत पात्याला काटकोनात एक आडवी दांडी असते, ती मुठीत धरायची. वरच्या टोकाला पोलादी पट्टी असते, ती मनगटाच्या बरीच वर हाताला आवळून बसते. आडव्या दांडीची ही पकड कट्यारीची. दख्खनेत आणि त्याखाली विजयनगरच्या मुलखात पंजावर पत्र्याचं आच्छादन असलेल्या कट्यारी होत्या. ते आच्छादन वाढत कोपराकडे गेलं, पातं लांबलं आणि पट्टा घडला. पाती पुष्कळदा युरोपातून आलेली, सरळ आणि दुधारी असत. तशा पात्याच्या तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत.

आता हे घोड्यावर ठेवून बघा. दोन स्वार एकमेकांजवळून जातात तेव्हा सगळ्यांत पुढे येतो तो शस्त्राचा हात, म्हणून घाव आधी बोटांवर आणि मनगटावर पडतो. साध्या तलवारीला तिथे लहानशी आडवी पट्टी आणि फार तर बोटांपुढची एक कमान असते. खोबळ्यात मात्र पंजा आणि पुढचा हात दोन्ही झाकलेले असतात. दुसरी गोष्ट भोसकण्याची. दौडत्या घोड्याचा सगळा जोर टोकावर येतो आणि तलवारीच्या मुठीत तो मनगटावर आदळून मनगट मुरडतो. पट्ट्याचं पातं हाताच्या रेषेतच असल्यामुळे तो जोर थेट कोपरात आणि खांद्यात जातो. शिवाय हिसका बसला तरी शस्त्र गळून पडत नाही.

या फायद्याची किंमतही आहे. माझ्या वस्तादांनी पहिल्यांदा पट्टा चढवून दिला, तेव्हा मी सवयीने मनगटातून वार करायला गेलो. मनगट वळलंच नाही आणि पातं भलतीकडेच गेलं. मनगटाचं काम इथे खांद्याने आणि कमरेने करावं लागतं. म्हणून पट्ट्याचे हात एवढे मोठे, वर्तुळाकार असतात आणि पातं दुधारी असल्याने जाताना जसं कापतं तसं परत येतानाही कापतं. गराड्यात सापडलेल्या स्वाराला हेच हवं असतं: डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे न थांबता फिरणारं पातं, म्हणजे लगामाला हात घालायला कुणी जवळ येऊ शकत नाही. पातं लवचीक असल्यामुळे धार घावाच्या दिशेत नसेल तर ते थरथरतं. हे ओळखायला लिंबू पुरतं. धार बरोबर लागली तर त्याच्या दोन फोडी होतात, नाहीतर ते चेपून उडतं.

सगळ्यांत मोठा धोका पातं अडकण्याचा. घोडा पुढे निघून गेला आणि टोक समोरच्याच्या अंगात रुतून राहिलं, तर तलवार सोडून देता येते. पट्टा हाताला आवळलेला असतो, तेव्हा हिसका खांद्याला बसतो आणि स्वार खोगिरावरून खेचला जाऊ शकतो. म्हणून माझ्या मते घोड्यावरचा पट्टा हे आधी छेद देण्याचं शस्त्र आणि मग भोसकण्याचं. भोसकायचं तर बाजूने, घोडा पुढे जाताना टोक आपोआप मोकळं होईल अशा बेताने.

चढवलेल्या हाताने दुसरं काही करताही येत नाही. बंदूक ठासता येत नाही, लगाम नीट धरता येत नाही. एका हातात पट्टा असेल तर लगाम आणि ढाल डाव्या हाताकडे जातात. सभासद पट्टे असं अनेकवचनी म्हणतो. दोन्ही हातांत पट्टे चढवले, तर घोडा मांड्यांच्या दाबाने आणि टाचेने वळवायचा आणि तसं वळणारं जनावर आधी तयार करावं लागतं. दिंडोरीच्या बाजूला आजही मैदान सपाट आहे. तिथे घोडा मोकळा धावतो आणि खांद्यातून फिरणाऱ्या हाताला जागा मिळते.