पगार विचारला की स्थळ मोडतं?
"पगार, कर्ज आधीच विचारलं तर चांगलं स्थळ हातचं जातं. फ्लॅट आहे ना, बाकी लग्नानंतर जुळतं."

या प्रश्नांनी जे स्थळ जातं, ते साखरपुड्याआधी गेलेलं बरं. घोडबंदर रोडवरचा फ्लॅट धरा. कर्ज ६० लाख, मुदत २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के, तर हप्ता साधारण ५२,००० रुपये. मुलाच्या हातात ९०,००० येत असतील, तर मेंटेनन्स, किराणा, आईवडिलांची औषधं यांना ३८,००० उरतात. म्हणजे या घरात सुनेची नोकरी गरजेची आहे. मग बाळ कोण सांभाळणार, आजी की पाळणाघर, हेही आत्ताच बोलायला हवं.

पडताळणी सोपी आहे. पॅकेजचा आकडा ऐकू नका. दोघांनी एकमेकांना पगाराच्या स्लिपा आणि कर्जाचं स्टेटमेंट दाखवावं, मुलीचं शैक्षणिक कर्ज असेल तर तेही. फ्लॅट कोणाच्या नावावर घेतला, ते नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टू या उताऱ्यावर दिसतं.

एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. लग्नामुळे नवऱ्याचं गृहकर्ज बायकोवर येत नाही. सहकर्जदार म्हणून सही केली की येतं, आणि नुसत्या त्या सहीने घराची मालकी मिळत नाही.