‘खारट’ हा शब्द काय सांगतो?

घरगुती उत्पादनं विकणारे गोव्यातले छोटे उद्योजक ग्राहकांचे रिव्ह्यू वाचतात ते बहुधा दोनच प्रकारचे: खूप गोड आणि खूप कडू. एकाने सुखावतात, दुसऱ्याने दुखावतात. आपला ब्रँड लोकांना नेमका काय वाटतो, हे यातून कळत नाही. ते कळण्यासाठी मोजणी करावी लागते, आणि ही मोजणी मला फार सुंदर वाटते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक ब्रँड घेऊ. फोंड्याकडची एक बाई भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, आगळ बाटलीत भरून देशभर पाठवते. लेबलवर तिने लिहिलंय: ‘शुद्ध, पारंपरिक, बिनसाखरेचं’. तिच्या 200 रिव्ह्यूंपैकी 30 जणांनी ‘खारट’ हा शब्द लिहिला, 12 जणांनी ‘शुद्ध’ लिहिला आणि एकाने ‘औषधासारखं’ म्हटलं.

नुसते आकडे पाहिले तर 12 जणांना शुद्धता पोचली, असं वाटेल. पण तुलना कशाशी करायची? बाजारातल्या इतर कोकम उत्पादनांचे 2000 रिव्ह्यू घेतले आणि त्यांत ‘शुद्ध’ 130 जणांनी लिहिलेला निघाला, तर तिथलं प्रमाण साडेसहा टक्के आणि इथलं सहा टक्के. म्हणजे सगळेच जण सगळ्यांनाच शुद्ध म्हणताहेत. त्या शब्दाने हिचा ब्रँड वेगळा ओळखू येत नाही. ‘खारट’ मात्र इतरत्र 2000 पैकी 40 जणांनी लिहिला, म्हणजे दोन टक्के. हिच्याकडे पंधरा टक्के. साडेसात पट!

आता गंमत पाहा. ‘औषधासारखं’ हिच्याकडे 200 मध्ये एकदा आला, इतरत्र 2000 मध्ये एकदा. प्रमाण दहा पट, म्हणजे ‘खारट’पेक्षाही जास्त. तर खरी समस्या औषधी चवीची का? नाही. एकाच माणसाच्या शब्दावर उभा असलेला हा आकडा आहे. तो माणूस लिहायला बसलाच नसता तर दहा पटीचं शून्य झालं असतं. म्हणून संख्याशास्त्रज्ञ त्या पटीचा लॉगरिदम घेतात आणि त्याला अनिश्चिततेने भागतात. ती अनिश्चितता साधारण अशी काढतात: दोन्हीकडच्या संख्यांचे व्यस्त मिळवून त्यांचं वर्गमूळ. ‘खारट’साठी 1/30 अधिक 1/40, वर्गमूळ सुमारे 0.24, साडेसातचा नैसर्गिक लॉगरिदम सुमारे 2, भागाकार आठाच्या वर. ‘औषधासारखं’साठी 1 अधिक 1, वर्गमूळ 1.41, दहाचा लॉगरिदम 2.3, भागाकार जेमतेम 1.6. दोनच्या खालचा आकडा योगायोगानेही सहज येतो. या विचाराचा जास्त काटेकोर अवतार मनरो, कोलारेसी आणि क्विन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी 2008 मध्ये राजकीय भाषणांसाठी मांडला. दोन पक्षांची भाषा कुठे वेगळी पडते, हे त्यांना शोधायचं होतं. मालकीण आणि ग्राहक यांच्यातली फट शोधायलाही तीच युक्ती चालते.

मोजणी इथे संपते आणि वाचन सुरू होतं. ‘खारट’ची 30 वाक्यं एकेक करून उघडायची. यात ‘अजिबात खारट नाही’ असंही एखादं असेल. ते वेगळं काढायचं. कोणी हाच शब्द रोमन लिपीत लिहितो, कोणी कोकणीत ‘खारें’ म्हणतो. ते सगळे एकत्र धरायचे. मग ताऱ्यांनुसार वाटणी करायची. समजा असं दिसलं की सोलकढी करणाऱ्यांनी पाच तारे देऊन ‘खारट आहे, वेगळं मीठ लागत नाही’ लिहिलंय, आणि एक तारा देणाऱ्यांनी ते थंड पाण्यात घालून सरबत म्हणून प्यायलंय. आगळ टिकावं म्हणून त्यात मीठ असतंच. गोव्यातल्या घराला ते सांगावं लागत नाही. दिल्लीच्या ग्राहकाने ‘बिनसाखरेचं’ वाचलं आणि कमी गोड सरबत येईल असं धरलं. चव बिघडलेली नाही, अपेक्षा चुकलेली आहे. वाक्याला नुसतं ‘नकारात्मक’ असा शिक्का मारणारी महागडी सॉफ्टवेअरं हा फरक दाखवत नाहीत. ब्रँडच्या नावातलं स्पेलिंग अंकशास्त्राप्रमाणे बदलून देणाऱ्यांना तर तो दिसण्याचा प्रश्नच नाही. त्यांना पैसे देऊ नयेत.

एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. रिव्ह्यू लिहिणारे बहुधा फार खूश किंवा फार चिडलेले असतात. मधले गप्प राहतात. त्यामुळे पंधरा टक्के रिव्ह्यूंत ‘खारट’ आला म्हणून पंधरा टक्के ग्राहकांना ते खारट लागलं, असं होत नाही. तसंच ‘पारंपरिक’ कोणीच लिहिलं नाही म्हणून ते पोचलंच नाही, असंही नाही. अपेक्षेप्रमाणे घडलेलं माणूस क्वचितच लिहून ठेवतो.

लेबलवर ‘मीठ घातलेलं आगळ, सोलकढीसाठी’ असं ठळक छापलं, तर परिणाम एकूण सरासरी ताऱ्यांत शोधू नये. तिथे जुने रिव्ह्यू मिसळलेले राहतात. नव्या लेबलची खेप पोचल्यानंतरचे रिव्ह्यू वेगळे काढावेत आणि त्यांतल्या एक-दोन ताऱ्यांच्या गटात ‘खारट’चं प्रमाण किती उतरलं, तेवढंच पाहावं. पाच ताऱ्यांच्या गटात तो शब्द राहिला तरी काही बिघडत नाही.