गमने दम वाढत नाही

“बाबांना सीओपीडी, म्हणजे दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. विडी सोडवायला निकोटिनचं च्युइंगम दिलं तर तेच विष फुप्फुसात जाणार ना?”

नाही. फुप्फुसं पोखरतो तो धूर. निकोटिन तलफ लावतं. गम फुकट जातं ते बहुतेकदा चुकीचं चघळल्याने.

समजा, डिचोलीतले हे बाबा उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली विडी पेटवतात. त्यांना 4 मिलिग्रॅमचं गम लागेल. हळू चावायचं, तोंडात चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. भराभर चावलं तर निकोटिन पोटात जाऊन उचकी आणि जळजळ होते. चहा किंवा कोकम सरबत प्यायल्यावर 15 मिनिटं थांबावं, कारण आंबट लाळेत निकोटिन नीट शोषलं जात नाही.

नुसत्या गमपेक्षा कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी आणि गम एकत्र, किंवा तलफ कमी करणाऱ्या व्हरेनिक्लिनच्या गोळ्या जास्त लागू पडतात. गोळ्या विडी सोडण्याच्या आठवडाभर आधी सुरू होतात आणि 12 आठवडे चालतात. जेवणानंतर घेतल्या तर मळमळ कमी होते. मूत्रपिंड अधू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. डॉक्टरांनी नुसतं “सोडा हो” म्हणणं इथे अपुरं पडतं. त्याच भेटीत विडी सोडण्याची तारीख ठरवून औषधही लिहून द्यायला हवं.