200 दिवसांची चल सरासरी : सरकता आधार

शेअर बाजारात गेल्या 200 व्यवहार-दिवसांचे बंद भाव बेरीज करून 200 ने भागले की जी संख्या येते, तिला 200 दिवसांची चल सरासरी म्हणतात. बाजारातल्या बोलण्यात ती '200 डीएमए' असते. रोज एक नवा भाव बेरजेत येतो आणि सर्वांत जुना गळतो, त्यामुळे आलेखावर ही रेषा सरकत राहते. तेजीच्या काळात भाव घसरून या रेषेपाशी आला की पुष्कळदा तिथून उसळतो. जुना तळ एका आकड्याला खिळलेला असतो, हा आधार मात्र रोज हलतो, म्हणून त्याला चल आधार म्हणतात.

तो कसा हलतो हे निफ्टीच्या 2024 मधल्या घसरणीत नीट दिसते. 27 सप्टेंबरला 26,277 चा उच्चांक गाठून निफ्टी खाली येऊ लागला. ऑक्टोबरात परदेशी गुंतवणूकदारांनी 90 हजार कोटींहून अधिक रुपयांचे शेअर विकले. 13 नोव्हेंबरला निफ्टी 23,559 वर बंद झाला तेव्हा सरासरी साधारण 23,550 होती. त्या दिवशी बेरजेतून गळणारा जुना भाव जानेवारीतला, साडेएकवीस हजारांच्या आसपासचा होता. दोघांतला फरक सुमारे दोन हजार. त्याला 200 ने भागले की 10. म्हणजे निर्देशांक कोसळत असताना सरासरी मात्र दिवसाला दहाएक अंकांनी वर चढत होती.

पुढच्या दिवसांत निफ्टी रेषेच्या किंचित खाली घुटमळला. 20 तारखेला महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानामुळे बाजार बंद होता. 21 ला अदानी समूहाच्या प्रमुखांवरील अमेरिकेतल्या आरोपपत्राच्या बातमीने तो 23,350 पर्यंत उतरला आणि 22 ला एका दिवसात सुमारे 557 अंक चढून 23,907 वर गेला. निवडणुकीच्या निकालानंतर, सोमवारी 25 ला, तो 24,222 वर बंद झाला.

या उसळीतला एक वाटा रेषेवरच्या विश्वासाचा असतो. रेषा सर्वांना दिसते, आणि ती सर्वांना दिसते हेही सर्वांना ठाऊक असते. तिथे भाव वळेल असे मानणारे खरेदीच्या ऑर्डरी तिच्या आसपास लावून ठेवतात, मंदीवाले आपले विकलेले सौदे तिथेच खरेदी करून मिटवतात. या खरेदीनेच भाव वळतो आणि समजूत खरी ठरते. काही जण इतरांच्या आधी घ्यायचे म्हणून रेषेच्या जरा वरच खरेदी करतात, त्यामुळे कधी भाव तिला न शिवताच फिरतो.

पण समजुतीला सगळे श्रेय देणे चूक आहे. तेजीत भाव मुळातच वर जात असतो, म्हणून मागून येणारी कुठलीही रेषा आधारासारखी भासते. 187 दिवसांची सरासरी काढून पाहावी. तिच्याकडे कोणी पाहत नाही, तरी तिच्यापाशीही उसळ्या सापडतात. दोन्ही रेषा इतक्या जवळून जातात की नुसत्या आलेखावरून कोणती 'चालली' हे सांगता येत नाही. मला खरा पुरावा ऑर्डरींमध्ये वाटतो. कॅरल ऑस्लर यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या परकीय चलन बाजाराच्या अभ्यासात एका मोठ्या बँकेकडच्या ऑर्डरी तपासल्या. नफा घेण्याच्या ऑर्डरी पूर्ण आकड्यांवर दाटलेल्या होत्या, तोटा वाढू नये म्हणून आधीच लावून ठेवलेल्या स्टॉप-लॉस ऑर्डरी त्या आकड्यांच्या जरा पलीकडे. तो अभ्यास सरासरीचा नव्हता; पण सर्वांना माहीत असलेल्या पातळीभोवती ऑर्डरी कशा गोळा होतात, हे त्यातून कळते.

त्याच रचनेत आधार तुटण्याचे कारणही आहे. रेषेवर खरेदी करणारा आपला स्टॉप-लॉस तिच्या थोडा खाली ठेवतो. मोठा विक्रेता थांबला नाही, तर आधी खरेदीच्या ऑर्डरी संपतात, मग स्टॉप-लॉस एकामागून एक पेटतात आणि प्रत्येकाची विक्री पुढच्याला पेटवते. शिवाय साधी सरासरी पाहणारे आणि अलीकडच्या भावांना जास्त वजन देणारी घातांकी सरासरी पाहणारे वेगवेगळ्या आकड्यांवर थांबतात. म्हणून प्रत्यक्षात हा एक पट्टा असतो, आणि एखाद-दुसरा दिवस खाली बंद झाला एवढ्यावरून आधार मोडला असे ठरत नाही, हे नोव्हेंबरात दिसलेच.

डिसेंबरात तो मोडला. 20 डिसेंबरला निफ्टी 23,587 वर बंद झाला तेव्हा सरासरी 23,800 च्या वर पोचली होती. 2 जानेवारी 2025 ला तो 24,188 पर्यंत चढून रेषेच्या वर गेला, पण 6 तारखेला पुन्हा 23,616 होता. रेषेवर घेऊन अडकलेल्यांना आपला भाव परत मिळताच बाहेर पडायचे असते, त्यामुळे आधार असलेली रेषाच आता अडथळा बनते. 4 मार्चला निफ्टी 22,082 वर बंद झाला.